नव्वदचं बालपण: चित्रात काय आलं, काय राहून गेलं

आजचा विषय ऐकायला हलका वाटेल. ‘नव्वदच्या दशकातली मुलं असाल तर हे आठवेल’ असं म्हणत फिरणारी चित्रं तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. पॉपिन्सच्या गोळ्या, शक्तिमान, नटराजची पेन्सिल, शाईचे डाग पडलेला खिसा. आपण बघतो, हसतो, पुढं पाठवतो. आज अशा एकाच चित्रापाशी थोडं जास्त वेळ थांबायचं आहे.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिकलेली काही माणसं. बहुतेकांचा जन्म 1987-88 चा, म्हणजे 1993 ला पहिलीत, 1997 ला पाचवीत आणि 2003 च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा. या हिशेबानं आम्ही पक्की नव्वदची मुलं. दहावीच्या वर्गाचा ग्रुप आहे. त्यावर मध्यंतरी एक चित्र आलं. सहा चौकोन, वर मोठ्या अक्षरात ‘आमचं बालपण’. चौकोनांत होते शक्तिमान, मोगली, डोरेमॉन, रोला-कोलाची गोळी, शाळेतल्या खिचडीचं ताट आणि ‘ए फॉर ॲपल’ लिहिलेली पाटी. खाली भराभर बदाम आणि रडके चेहरे आले. मग एका वर्गमैत्रिणीनं लिहिलं, “यातलं माझं काहीच नाही.” थोडा वेळ ग्रुपवर कुणी काही बोललं नाही.

ती शाळेत आमच्या शेजारच्या बाकावर बसायची. वर्ग तोच, गाव तेच, सालही तेच. मग तिचं काहीच कसं नाही? आम्ही ते चित्र चौकोनाचौकोनानं तपासायचं ठरवलं. आज तेच तुमच्यापुढं मांडतो आहोत.

सोप्यापासून सुरू करू. डोरेमॉन भारतातल्या टीव्हीवर आला तो 2005 च्या सुमारास. तेव्हा आम्ही बारावी ओलांडत होतो. म्हणजे हा चौकोन सरळ चुकीचा. पण ही चूक इतक्या चित्रांत सारखी का दिसते, ते बघण्यासारखं आहे. ‘नाइंटीज किड’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी चालतात. नव्वदच्या दशकात वाढलेला तो एक, नव्वदच्या दशकात जन्मलेला तो दुसरा. 1985 ला जन्मलेल्यानं मोगली बघितला. 1996 ला जन्मलेल्यानं 2003 नंतर पोकेमॉन बघितला आणि त्यानंतर डोरेमॉन. दोघंही स्वतःला नव्वदचेच म्हणवतात आणि दोघांच्या आठवणी एका चित्रात येऊन बसतात. धाकट्या भावंडाबरोबर बसून बघितलेलं कार्टून पंधरा वर्षांनी आपलंच वाटायला लागतं, हेही आहेच. माणसाला ‘काय’ घडलं ते लक्षात राहतं, ‘केव्हा’ घडलं ते फार लवकर निसटतं.

पाटीचा चौकोन थोडा गमतीचा आहे. पाटी होती, खरीच होती. पाटीवरची पेन्सिल खाणारी मुलंही प्रत्येक वर्गात दोन-तीन होती. पण पाटीवर ‘ए फॉर ॲपल’ नव्हतं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते जून 2000 मध्ये. त्याआधी इंग्रजीशी गाठ पाचवीत पडायची, आणि तोवर पाटी जाऊन वही आलेली असायची. म्हणजे हे चित्र मुळात दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचं, बहुधा शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या. ते हिंदीत फिरलं, मग कुणीतरी वरच्या ओळीचं मराठी केलं. असं भाषांतर झालेलं चित्र ओळखायची एक खूण सांगतो. खेळांची नावं बघा. ‘पोशम पा’ दिसलं की समजायचं, हे उत्तरेकडून आलेलं आहे. आमच्याकडं विषामृत होतं, आईचं पत्र हरवलं होतं, विटीदांडू होता. शाळेच्या चित्रात पाण्याची रंगीत बाटली आणि पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले, तरी तेच समजायचं. आमच्यातले निम्मे दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन भाकरी खाऊन यायचे. डबा आणणारी ती लांबच्या वस्तीवरची पोरं.

आता शक्तिमान. हा चौकोन वर्षाच्या हिशेबात बरोबर आहे. मालिका सुरू झाली 13 सप्टेंबर 1997 ला, दूरदर्शनवर. आम्ही तेव्हा पाचवीत. पण ग्रुपवर वाद झाला तो वाराचा. सगळ्यांना आठवतो तो ‘रविवारी दुपारी बारा’. सुरुवातीला मात्र ती शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला आणि मंगळवारी संध्याकाळी लागायची. रविवार पुढं आला. हा वाराचा फरक शहरातल्या मुलाला किरकोळ वाटेल, आम्हाला तो मोठा आहे. शनिवारी आमची शाळा सकाळची. ती सुटायची आणि मालिका सुरू व्हायची, यांत जेमतेम अंतर. शाळेपासून टीव्हीपर्यंत दप्तर काखेत मारून पळायचं, ही आमची आठवण. रविवारच्या निवांत दुपारचं चित्र त्यावर नंतर येऊन बसलं. त्यात 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं रामायण, मोगली आणि शक्तिमान पुन्हा दाखवले. तेव्हा पस्तिशीला आलेल्या माणसांनी आपल्या पोरांना मांडीवर घेऊन ते बघितले. असं दुसऱ्यांदा बघितलं की पहिल्या बघण्याचे तपशील पुसट होतात.

पण ‘टीव्हीपर्यंत पळायचं’ म्हणजे कुणाच्या टीव्हीपर्यंत? खरा मुद्दा इथं सुरू होतो. गावात टीव्ही मोजके. एक ग्रामपंचायतीचा, तो बहुधा बंद. एक-दोन बागायतदारांच्या घरी. काळापांढरा, चौदा इंचांचा, छपरावर बांबूला बांधलेला अँटेना. वाऱ्यानं अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या. मग एक पोरगा वर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, “आलं, आलं, गेलं!” त्यात ऐन वेळेला लाइट जायची. त्यावरही उपाय होता. हे काळेपांढरे संच बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायचे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडली की काम व्हायचं. बॅटरी उतरत आली की चित्र चारी बाजूंनी आकसायला लागायचं, मोगली बारीक बारीक होत जायचा. ज्याच्या घरी ट्रॅक्टर, त्याच्याच घरी लाइट गेल्यावर मोगली. आणि त्या घराच्या ओसरीवर कुणाला बसू द्यायचं, कुणाला दाराबाहेर उभं राहून बघावं लागायचं आणि कुणी तिकडं फिरकायचंही नाही, हे गावाला न सांगता माहीत होतं. आमच्या त्या मैत्रिणीचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. शेरखानला आवाज नाना पाटेकरांनी दिला होता, ही गोष्ट आम्ही आज कौतुकानं सांगतो. तिनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तो लग्नानंतर, मोबाइलवर.

केबलवाल्या चॅनेलांचं तर बोलायलाच नको. कार्टून नेटवर्क भारतात 1995 ला आलं आणि जालना शहरात काही घरांत दिसूही लागलं. तालुक्याच्या गावांत ते उशिरा पोचलं, आणि खेड्यात आमच्या शाळेच्या वयात पोचलंच नाही. त्यामुळं ‘स्वॅट कॅट्स’चं चित्र आलं की ग्रुपवरचे दोनच जण बोलतात. दोघांचे वडील जालन्याला नोकरीला होते.

आता खिचडी. या चौकोनावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. ताटात पिवळी खिचडी, रांगेत बसलेली पोरं, खाली ‘शाळेच्या खिचडीची चव आता कुठं’. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत खिचडी शिजत नव्हती. मिळायचा तो तांदूळ, कच्चा.

हे नीट सांगायला हवं. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. मूळ कल्पना रोज शिजवलेलं अन्न द्यायची, मुलामागं शंभर ग्रॅम धान्य. पण शिजवायला भांडी, सरपण, माणूस, खोली यांतलं काहीच शाळांकडं नव्हतं. म्हणून बहुतेक राज्यांनी सोपा मार्ग घेतला, त्यात महाराष्ट्रही होता. महिन्याला मुलामागं तीन किलो धान्य घरी न्यायला द्यायचं. अट एकच, त्या महिन्यात हजेरी ऐंशी टक्के पाहिजे. पुढं 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की कोरडं धान्य नको, शिजवलेलंच द्या. त्यानंतर आपल्याकडं शाळांत चुली पेटल्या. तोवर आमची पाचवी कधीच मागं पडली होती. खिचडी खाल्ली ती आमच्या धाकट्या भावंडांनी. त्यांचं ताट आमच्या चित्रात आलं आणि आमची पिशवी कुणाच्याच चित्रात नाही.

ती पिशवी मात्र विसरण्यासारखी नव्हती. तांदूळ वाटपाच्या दिवशी शाळेत पोरं दप्तराबरोबर रिकामी पिशवी घेऊन यायची. खताच्या गोणीची शिवलेली, नाहीतर आईच्या जुन्या लुगड्याची. गुरुजी हजेरीपट घेऊन बसायचे, नाव वाचायचे, मापानं तांदूळ पडायचा. त्यात खडे असायचे, कधी अळ्या. तरी त्या दिवशी शाळा भरलेली. आता लक्षात घ्या, हा ज्वारी खाणारा मुलूख. घरात रोज भाकरी. भात सणाला, पाहुणा आला तर, नाहीतर आजाऱ्याला. पाचशे ग्रॅमच्या दप्तराचं पोर तीन किलो तांदूळ डोक्यावर घेऊन घरी येतं, त्या दिवशी घरात भात शिजतो, आणि तो त्या पोराच्या शाळेचा असतो. आमच्यातल्या एकाची आई त्या भाताला ‘तुझ्या पगाराचा भात’ म्हणायची.

आणि आता ती ऐंशी टक्क्यांची अट. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची, कारखाना बंद होईपर्यंत बाहेर. पोरं बरोबर. म्हणजे कार्तिकापासून पार उन्हाळा लागेपर्यंत पटावर नाव, पण हजेरी नाही. हजेरी नाही म्हणून तांदूळ नाही. ज्या घराला तांदळाची गरज सगळ्यात जास्त, त्याच घराचं नाव वाटपाच्या दिवशी वाचलं जात नव्हतं. सरकारचा हेतू वाईट नव्हता. पोरं शाळेत टिकावीत म्हणून अट घातली होती. पण थळात पाचट सोडणारी दहा वर्षांची मुलगी या अटीनं शाळेत परत येत नाही. तिच्या पिशवीतले तीन किलो तेवढे जातात.

आमची ती मैत्रीण दोन वर्षं अशी गेली होती. आजीनं गावात ठेवून घेतलं म्हणून ती परत शाळेत बसली आणि दहावीपर्यंत आली. बाकीच्या पाच-सहा जणी आल्या नाहीत. आम्ही पहिलीचा वर्ग आठवून नावं लिहायला बसलो, तेव्हा हे कागदावर दिसलं. पहिलीत जेवढी नावं आठवली, त्यातली निम्मी दहावीच्या ग्रुपवर नाहीत. आणि ‘आमचं बालपण’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते दहावीपर्यंत पोचलेल्यांचं बालपण असतं. ग्रुप दहावीचा आहे, आठवण पहिलीची काढली जाते. या दोन वर्गांच्या मधे गळालेली माणसं त्या गप्पांत नसतात, आणि ती नाहीत हे कळायलाही कुणाला तरी मुद्दाम मोजायला बसावं लागतं.

राहिला गोळीचा चौकोन. रोला-कोला. ही पार्लेची गोळी मधे बंद झाली होती. 2019 च्या फेब्रुवारीत एकानं ट्विटरवर ती परत आणा म्हणून लिहिलं. कंपनीनं उत्तर दिलं, दहा हजार रिट्वीट आणा. लोकांनी आणले, आणि त्याच वर्षी गोळी पुन्हा बाजारात आली. दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. मालेगाव तालुक्यातलं रावळगाव, वालचंद हिराचंदांनी 1933 मध्ये उभं केलेला साखरेचा कारखाना, आणि तिथली ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ ही गोळ्यांची नावं. 2024 च्या फेब्रुवारीत ही नावं आणि पाककृतींचे हक्क रिलायन्सच्या कंपनीनं 27 कोटी रुपयांना घेतले. तुम्ही म्हणाल, गोळी तर कुणीही बनवील. बरोबर. पैसे मोजले जातात ते आपल्या आठवणीसाठी. नाव ऐकल्याबरोबर चाळिशीच्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं, ते विकत मिळतं.

यात कुणी कट केलेला नाही, हे आधी सांगतो. चित्र बनवणारा पोरगा रात्री मोबाइलवर बसतो, त्याला सहा चौकोन भरायचे असतात. तो नाव टाकून शोधतो. ज्या वस्तूला वेष्टण आहे, छापलेलं नाव आहे, जाहिरात आहे, तिचं स्वच्छ चित्र लगेच सापडतं. ज्याला नाव नाही, त्याचं चित्र नाही. मग पुढचा माणूस तेच चित्र कापून आपलं करतो. दहा हातांतून गेलं की अक्षरं फुटतात, कडा पिवळ्या पडतात, आणि ते जुनं, म्हणून अजूनच खरं वाटायला लागतं.

आमच्या खाऊतला वेष्टणाचा भाग फार थोडा होता. आमचा खाऊ म्हणजे गारीगार. सायकलच्या कॅरिअरवर लाकडी पेटी, आत बारदानात गुंडाळलेले रंगीत बर्फाचे कांडे, बांबूची काडी. गोडी बहुतेक वेळा सॅकरीनची, म्हणून शेवटी जीभ कडवट व्हायची. तो गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवायचा. पैसे नसले तरी चालायचं. ओंजळभर ज्वारी आणा, फुटकी चप्पल आणा, लोखंडाचा तुकडा आणा. गारीगारवाला उन्हाळ्यातच यायचा आणि रब्बीची ज्वारी फाल्गुनात घरात पडलेली असायची. थंडीच्या दिवसांत हेच काम कापूस करायचा. वेचणीचा कापूस घराच्या खोलीत छातीएवढा साठलेला, त्यातला मूठभर खिशात कोंबून दुकानावर जायचं. दुकानदार तो हातानं तोलायचा आणि दोन श्रीखंडाच्या गोळ्या, नाहीतर कागदात शेव-मुरमुरे द्यायचा. तो तोल नेहमी त्याच्याच बाजूनं असायचा, हे आम्हालाही कळत होतं. पण आपण कापूस चोरून आणलेला, भांडणार कुणाच्या तोंडानं?

हे सगळं लिहून आम्ही ग्रुपवर टाकलं. चित्र नाही, नुसता प्रश्न: ‘मूठभर कापसावर काय मिळायचं?’ त्या रात्री ग्रुप दोन वाजेपर्यंत जागा होता. कधीच न बोलणारे बोलले. भावाला पाठीला कापूस बांधून पाठवल्याची गोष्ट आली. कापूस ओला करून वजन वाढवणारा एक निघाला. आणि त्यावरच त्या मैत्रिणीनं लिहिलं, “आमच्या घरी कापूस नव्हता. आम्ही दुसऱ्याचा वेचायचो. बाई संध्याकाळी ओटी झटकून बघायची.”

म्हणजे आमचा प्रश्नही पुरेसा नव्हता. शहराचं चित्र गावाला बसत नाही असं म्हणत आम्ही निघालो होतो, आणि आमचा कापूस वस्तीला बसला नाही.

व्याख्यानानंतरच्या प्रश्नांतला एक इथं घेतो, कारण तो या विषयातलाच आहे. एका श्रोत्यानं विचारलं, “मग ही चित्रं पाठवायची नाहीत का?” पाठवा की. आम्हीही पाठवतो. शक्तिमान दिसला की आम्हालाही तो शनिवार आठवतो. फक्त एक करून बघा. चित्राखाली साल लिहा, गाव लिहा आणि टीव्ही कुणाच्या घरचा होता ते लिहा. शाळेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ असेल तर बालभारतीनं जुनी पुस्तकं वेबसाइटवर ठेवली आहेत, आतल्या पानावर छापलेलं वर्ष मिळतं, ते ताडून बघा. मात्र एवढं ध्यानात ठेवा की आमच्यातले बहुतेक जण वरच्या वर्गातल्या पोराकडून निम्म्या किमतीत पुस्तकं घ्यायचे. त्यामुळं छापलेलं वर्ष आणि वापरलेलं वर्ष यांत एक-दोन वर्षांचं अंतर पडतं.

दुसऱ्यानं विचारलं, त्या मैत्रिणीच्या सहा चौकोनांत काय असतं? आम्ही तिलाच विचारलं होतं. तिनं पाच सांगितले. कोयता, बैलगाडीखालची झोळी, कारखान्याच्या भोंग्याचा आवाज, उसाच्या कांड्या, आजीच्या घराचं कुलूप. सहावा सांगताना ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “गुरुजी नाव वाचत होते, तांदळाच्या दिवशी. मी परत आल्यावर पहिल्यांदा. पिशवी नेली नव्हती, म्हणून ओढणीत घेतला.”